दोन नोकऱ्या, एक तक्ता आणि गुणांची पट्टी

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर बरं, कारण आज थोडी आकडेमोड आहे. बेरीज-गुणाकारापलीकडे काही नाही.

दोन नोकऱ्यांची ऑफर एकाच वेळी हातात आली की बरेच जण एक तक्ता करतात. डावीकडे चार निकष लिहायचे: पगार, प्रवास, पुढे वाढण्याची संधी आणि स्थैर्य. प्रत्येक निकषाला वजन द्यायचं, प्रत्येक नोकरीला दहापैकी गुण द्यायचे, मग गुणाकार आणि शेवटी बेरीज. जिची बेरीज जास्त ती नोकरी घ्यायची. पद्धत चांगलीच आहे, पण ती एका ठिकाणी हमखास फसते आणि फसलेली कळतही नाही. ते ठिकाण म्हणजे गुण देण्याची पट्टी.

एक उदाहरण घेऊ. सध्याचा हातात येणारा पगार आपण १०० धरू, म्हणजे चलनाचा प्रश्न उरत नाही. पहिल्या नोकरीत हातात येतील १३० आणि प्रवास एका बाजूला ७० मिनिटं. दुसरीत ११८ आणि प्रवास ३० मिनिटं. वाढीच्या संधीला पहिलीला दहापैकी ८ आणि दुसरीला ५ देऊ, स्थैर्याला पहिलीला ५ आणि दुसरीला ७. वजनं पगाराला ४०, प्रवासाला ३०, वाढीला २० आणि स्थैर्याला १०. एकूण १००.

आता गुण कसे द्यायचे? एक सवय अशी की जी नोकरी सरस तिला १० आणि दुसरीला त्या प्रमाणात. १३० ला १० गुण, तर ११८ ला साधारण ९.१. प्रवासात ३० मिनिटांना १०, तर ७० मिनिटांना ४.३. वाढ आणि स्थैर्यही याच रीतीने. बेरीज केली की पहिलीला येतात ८०० आणि दुसरीला ८८८. दुसरी जिंकली, आणि तीही बऱ्यापैकी फरकाने.

दुसरी सवय अशी की जी सरस तिला १० आणि दुसरीला शून्य. मग पगार आणि वाढ पहिलीच्या पदरात पडतात, म्हणजे ६०० गुण. प्रवास आणि स्थैर्य दुसरीच्या, म्हणजे ४००. आता पहिली जिंकली, तीही घसघशीत फरकाने.

नोकऱ्या त्याच, वजनं तीच, आणि निकाल उलटा. वजन पगार या शब्दाला लागत नाही, ते पगाराच्या पट्टीला लागतं. पहिल्या रीतीत पगारातला १२ चा फरक ०.९ गुणात आवळला गेला. पगाराला ४० वजन देऊनही त्याचा निकालावरचा परिणाम जेमतेम ३७ गुणांचा. दुसऱ्या रीतीत त्याच १२ च्या फरकाला पूर्ण ४०० गुण मिळाले. लोक वजनावर तासन्‌तास वाद घालतात आणि पट्टी मात्र सवयीने ठरते.

म्हणून पट्टीची दोन टोकं आधी ठरवायची, समोरच्या दोन नोकऱ्या बाजूला ठेवून. पगाराचं शून्याचं टोक म्हणजे ज्याच्या खाली आपण नोकरी बदलणारच नाही ती रक्कम, आपल्या उदाहरणात १००. दहाचं टोक म्हणजे आपल्या अनुभवाला बाजारात खरोखर मिळू शकणारा वरचा आकडा, धरू १४०. मधले ४० म्हणजे दहा गुण, म्हणजेच दर ४ ला एक गुण. १३० ला ७.५ आणि ११८ ला ४.५. प्रवासाचं शून्याचं टोक ९० मिनिटं, दहाचं टोक १० मिनिटं, म्हणजे दर ८ मिनिटांना एक गुण. ७० मिनिटांना २.५ आणि ३० मिनिटांना ७.५.

या आकड्यांत काय धरायचं तेही सांगतो. पगारात फक्त सगळ्या कपाती जाऊन हातात पडणारी रक्कम. कामगिरीवर मिळणारा व्हेरिएबल भाग पूर्ण धरू नये. गेल्या वर्षी तो किती जणांना, किती टक्के मिळाला हे विचारावं आणि त्या मानाने धरावा. नीट उत्तर मिळालं नाही तर निम्मा. आपल्या पहिल्या नोकरीचे १३० असेच आलेत: १२४ पक्के आणि १२ व्हेरिएबलमधले ६. प्रवासाचा खर्च पगारातून वजा करायचा आणि वेळ प्रवासाच्या ओळीत मांडायचा. खर्च दोन्हीकडे धरला तर लांबच्या नोकरीला एकाच गोष्टीची शिक्षा दोनदा होते. प्रवास कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला, दारापासून टेबलापर्यंत मोजायचा. सुट्टीच्या दुपारी नकाशावर दिसणारी मिनिटं इथे चालत नाहीत.

वाढ आणि स्थैर्याला मिनिटं किंवा पैसे नसतात, म्हणून तिथे टोकं शब्दांत लिहायची. वाढीचं शून्य: दोन वर्षांनी तेच काम, नवं काही शिकलेलं नाही. पाच: नवं कौशल्य येईल, पण वर जागा नाही. दहा: दोन वर्षांत वरची जागा आणि तिथवरची वाट कुणीतरी स्पष्ट सांगितलेली. स्थैर्याचंही तसंच. जागा कायमची की कराराची, प्रोबेशन किती, नोटिस पीरियड किती, कंपनीचं उत्पन्न एकाच मोठ्या ग्राहकावर तर नाही ना? आणि इथे एक उंबरठाही हवा. बेरजेचा स्वभाव असा की एका ओळीतलं भरघोस दुसरीतला खड्डा भरून काढतं. घरी एकट्याचीच कमाई असेल आणि नोकरी सहा महिन्यांच्या कराराची असेल, तर ती तक्त्यात घ्यायचीच कशाला? ज्या गोष्टीला आपला ठाम नकार आहे ती आधीच बाजूला काढावी.

आता वजनं. ‘पगार महत्त्वाचा की स्थैर्य?’ हा प्रश्न स्वतःला विचारू नये, त्याला धड उत्तर नसतं. त्याऐवजी एक वाईट नोकरी डोळ्यांपुढे आणा, जिच्यात सगळंच शून्याच्या टोकाला आहे: पगार १००, प्रवास ९० मिनिटं, वाढ नाही, स्थैर्य नाही. यातली एकच गोष्ट शून्यावरून थेट दहावर नेता येईल, तर कोणती न्याल? समजा, पगार. त्या उडीला १०० द्या. पुढची उडी प्रवासाची, आणि ती पगाराच्या उडीच्या पाऊणपट मोलाची वाटते, म्हणून ७५. वाढीची उडी निम्म्या मोलाची, ५०. स्थैर्याची २५. बेरीज २५०. प्रत्येकाला अडीचने भागलं की ४०, ३०, २०, १०. आपण सुरुवातीला घेतलेलीच वजनं आली, ती मी सोयीसाठी तशी आणली. फरक एवढाच की आता त्यांना अर्थ आहे.

आता बेरीज. पहिली नोकरी: पगाराचे ३००, प्रवासाचे ७५, वाढीचे १६०, स्थैर्याचे ५०. एकूण ५८५. दुसरी: १८०, २२५, १०० आणि ७०. एकूण ५७५.

फरक हजारात दहाचा. इथे बहुतेक जण ‘पहिली जिंकली’ म्हणून कागद घडी करतात. पण वाढीला दिलेले ८ गुण अर्ध्याने चुकले असतील, म्हणजे खरे ७.५ असतील, तरी दोन्ही नोकऱ्या बरोबरीत येतात. पगाराचं सव्वा वजन प्रवासाकडे सरकवलं तरी बरोबरी. अंदाजाने भरलेल्या तक्त्यात दहाचा फरक म्हणजे बरोबरीच. बेरजेने विजेता दिला नाही, पण पुढची चौकशी नेमकी कुठे करायची हे दाखवलं.

सगळ्यात कच्चा आकडा कोणता? पगार कागदावर आहे, प्रवास घड्याळात आहे, स्थैर्याचं वजनच कमी. कच्चे आहेत ते वाढीचे ८. ते बहुधा मुलाखतीतल्या गोड बोलण्यावर दिलेले असतात. म्हणून पहिल्या कंपनीला विचारावं: ही जागा का रिकामी झाली? आधीची व्यक्ती आज कुठे आहे, वर गेली की बाहेर? गेल्या दोन वर्षांत या टीममधून किती जणांना बढती मिळाली? ‘आमच्याकडे खूप स्कोप आहे’ एवढंच उत्तर आलं, तर ८ चे ६ करा. पहिली ५४५ वर येते आणि दुसरी ३० ने पुढे जाते.

दुसरा उपयोग बोलणीत होतो, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. समजा, पहिल्या कंपनीने आठवड्यातले पाचपैकी दोन दिवस घरून काम करू दिलं. प्रवासाची सरासरी ७० वरून ४२ मिनिटांवर येते, म्हणजे ६ गुण, म्हणजे ७५ च्या जागी १८०. पहिलीची बेरीज ६९०. तेवढंच साधायला दुसऱ्या कंपनीकडून पगार किती वाढवून घ्यावा लागेल? तिला ११५ गुण जास्त हवेत. पगाराचा एक गुण ४० चा आणि तो ४ ला मिळतो, म्हणजे जवळपास साडेअकरा. ११८ चे १३० करून मागायचे. दुसरी कंपनी एवढं देईल असं वाटत नसेल, तर आधी पहिलीकडे दोन दिवसांची मागणी करावी. मात्र हे दोन दिवस ऑफर लेटरमध्ये लिहून आले तरच ४२ मिनिटं धरायची. साहेबांनी फोनवर ‘बघू, जमेल’ म्हटलं असेल तर ७०.

जाता जाता एक जुनी गोष्ट. १७७२ साली जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञापुढे लॉर्ड शेलबर्न यांच्याकडच्या नोकरीचा प्रस्ताव होता आणि त्याने बेंजामिन फ्रँकलिनचा सल्ला मागितला. काय कर हे फ्रँकलिनने सांगितलं नाही, कसं ठरव हे सांगितलं: कागदाच्या मधोमध रेघ, एकीकडे बाजूची कारणं, दुसरीकडे विरोधाची. मग समान वजनाची कारणं समोरासमोर खोडायची. बाजूचं एक कारण विरोधाच्या दोन कारणांइतकं वाटलं, तर तिन्ही खोडायची. प्रीस्टलीने ती नोकरी घेतली. पण त्या पत्रातला मला आवडणारा भाग वेगळा आहे: कारणं एका बैठकीत लिहायची नाहीत, तीन-चार दिवस सुचतील तशी टिपत राहायची.

आपल्या तक्त्यालाही हे लागू पडतं. पहिल्या दिवशी पट्टीची टोकं आणि वजनं ठरवा, आणि कागदावर तारीख घाला. गुण दुसऱ्या दिवशी भरा, आणि तेही आडवे: आधी दोन्ही नोकऱ्यांचा पगार, मग दोन्हींचा प्रवास. एका नोकरीचे चारही गुण एकदम भरले, की जी मनात भरली आहे तिला प्रत्येक ओळीत अर्धा गुण जास्त पडत जातो, आणि आपला सगळा निकाल तर दहा गुणांवर अडला आहे. बेरीज तिसऱ्या दिवशी. त्यानंतर नवी माहिती आली तर तिच्याशी संबंधित तेवढा एकच आकडा बदला. बेरीज पाहिल्यावर वजनं बदलावीशी वाटली, तर कोणत्या नोकरीला जिंकवायला हात गेला ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. नमस्कार.