खोडलं, तरी जागा का वाढली नाही?

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांसमोर केलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सातवीच्या तासाला मी आधी पोरांना अंदाज करायला लावतो. आमच्या संगणकाच्या C: ड्राइव्हवर 111 जीबीपैकी 6.1 जीबी जागा उरली होती. दहा टक्क्यांपेक्षा कमी, म्हणून पट्टी लाल. ही जागा कोणी खाल्ली? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, वर्डच्या फायली. डेस्कटॉप त्यांनीच गच्च भरला होता ना!

मग फायली मोजायला लावल्या. वर्डच्या 612 फायली मिळून 38 एमबी. स्नेहसंमेलनाच्या एका व्हिडिओचेच 2.7 जीबी! म्हणजे त्या सगळ्या फायलींच्या जवळपास सत्तरपट. हे पोरांना समजावून सांगावं लागत नाही. भाव वाढायची वाट बघत कापूस घरात भरला, की झोपायची खोली जाते. तुरीच्या दोन पोत्यांनी जात नाही. संख्या नव्हे, आकार बघायचा.

मोठ्या फायली हुडकायला C:\Users उघडून वरच्या शोधचौकटीत हे टाइप करायचं:

```
size:>500MB
```

अख्खा C: शोधायला लावू नका. वेळ लागतो आणि Windows फोल्डरमधल्या फायली समोर आल्या, की एखाद्याचा हात शिवशिवतोच.

शोधात तोच व्हिडिओ तीनदा निघाला: Downloads, Desktop आणि Videos. पेन ड्राइव्हवरून प्रत्येकाने ‘कट’ऐवजी ‘कॉपी’ केलेली. आकार सारखा म्हणजे फाईल तीच, असं मात्र धरू नये. तिन्ही उघडून सुरुवात आणि शेवट बघायला लावला. Videos मधली ठेवली, दोन खोडल्या. आता 5.4 जीबी मोकळे व्हायला हवे होते. पण आकडा 6.1 वरच.

मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, खोडलं त खरं, मंग जागा काऊन नाई वाढली?”

माझा सगळा पाठ या प्रश्नासाठी मांडलेला असतो, त्यामुळे उत्तर मी लगेच देत नाही. Recycle Bin उघडायला सांगतो. दोन्ही फायली तिथेच, त्याच ड्राइव्हवर. खोलीतला कापूस ओसरीवर आणला, घराबाहेर गेला नाही. Empty Recycle Bin केलं, आकडा 11.5 झाला, पट्टी निळी झाली.

दोन सावधगिऱ्या. फाईल Recycle Bin च्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी असेल, तर ती पेटीत जात नाही. कायमची खोडू का, असं विचारलं जातं. पोरं न वाचताच ‘Yes’ दाबतात. आणि पेन ड्राइव्हवरून खोडलेलं सहसा या पेटीत येतच नाही. एका मुलीने पेन ड्राइव्हवरची मूळ प्रत खोडली आणि नंतर ती पेटीत शोधत बसली. तेव्हापासून पेन ड्राइव्ह बाहेर काढल्याशिवाय मी हा तास सुरू करत नाही.