नाव न घेता लिहिलेलं पत्र

नमस्कार श्रोतेहो. मुख्याध्यापिका असताना मी पालकांना सहलीची, फीची, गॅदरिंगची किती पत्रं लिहिली त्याची मोजदाद नाही. त्यातलं एकच तीनदा फाडलं.

सातवीतला मुलगा. डबा रोज रिकामा घरी येई, पण पोरगं आल्या आल्या पोळीच्या डब्याला हात घाली. आईला शंका आली. चौकशीत कळलं, की तिघं जण मधल्या सुट्टीत त्याचा डबा काढून घेत आणि त्याच्या बोलण्याची नक्कल करत.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, 'कबड्डीच्या संघातल्या तीन मुलांनी'. नाव एकाचंही नव्हतं. आमच्या क्लार्कने वाचलं आणि म्हणाले, "बाई, तिघं कोण ते मला कळलं की!" खरंच होतं. बाक, संघ, गल्ली, आडनावाचं अक्षर, यांतलं काहीही लिहिलं की नाव सांगितल्यातच जमा. दुसऱ्यात 'मुलांची मस्करी' असं लिहून बसले. त्या शब्दाने आईचं तोंडच बंद झालं असतं. तिसरं नुसतंच सरकारी झालं, 'योग्य ती कार्यवाही' वगैरे.

शेवटी गेलं ते असं: 'मधल्या सुट्टीत इतर काही विद्यार्थी आपल्या मुलाचा डबा वारंवार काढून घेत होते व त्याच्या बोलण्याची नक्कल करत होते, असे चौकशीत दिसले. त्याला शारीरिक इजा झालेली नाही. संबंधितांशी व त्यांच्या पालकांशी आम्ही स्वतंत्रपणे बोललो आहोत. सोमवारपासून मधल्या सुट्टीत व्हरांड्यात एक शिक्षक थांबतील. वर्गशिक्षिका त्याच्याशी रोज बोलतील. शुक्रवारी मी स्वतः आपल्याला फोन करीन आणि पंधरा दिवसांनी भेटू. मध्येच पुन्हा काही घडले, तर त्याच दिवशी कळवा. कृपया इतर पालकांना परस्पर फोन करू नये व हा विषय वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये.'

वडील तरीही आले. "त्यांना शिक्षा काय केली?" मी म्हटलं, "ते मी सांगणार नाही. उद्या तुमच्या मुलाबद्दल कुणी विचारलं, तर त्यालाही हेच उत्तर मिळेल." ते रागावले, पण बसले.

एक मात्र लक्षात ठेवा. मारहाणीत मूल जखमी झालं, तर पत्र लिहीत बसायचं नसतं. पालकांना लगेच फोन करून बोलवायचं. लैंगिक त्रासाची शंका आली, तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं शाळेवर बंधनकारकच आहे. आणि शाळा दादच देत नसेल, तर पालकांसाठी 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे.

शुक्रवारी फोन केला. आई म्हणाली, "डबा खातोय, पण शिक्षकांच्या खोलीजवळ बसून." म्हणजे व्हरांड्यात बसायची भीती अजून होती. मी शिक्षकांची पाळी आणखी दोन आठवडे वाढवली आणि तसं त्या घरी दोन ओळींत लिहून कळवलं.