प्लेटवर बारा लिटर, पाइपात आठ

वेदगंगेचा काठ, निपाणी तालुका. उसाच्या शेवटच्या सरीला पाणी पोचेपर्यंत इथं लाइट जाते. नवा दहा एचपीचा पंप दाखवत मालक म्हणतात, "प्लेटवर बारा लिटर लिवलंय की! फसवलं आमाला."

प्लेटवर लिहिलंय: हेड, म्हणजे पाणी चढवायचा जोर, ३२ मीटर; सेकंदाला १२ लिटर. नदीच्या पाण्यापासून शेतातल्या पाइपाच्या तोंडापर्यंत चढ २० मीटर. पाणी धो धो यायला हवं, असं कुणालाही वाटेल.

पण प्लेटवर एकाच जागेचा आकडा असतो. पंपासोबत आलेल्या पत्रकातला आलेख पाहा. आडव्या अक्षावर पाणी, उभ्यावर हेड. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना पंप ४४ मीटरचा जोर लावतो, पाणी शून्य. पाणी वाढेल तसं हेड उतरतं. १२ लिटरला ३२.

आता त्याच कागदावर पाइपलाइनची रेष, म्हणजे किती पाण्याला किती हेड लागतं ते. ती पत्रकात नसते, आपणच काढायची, आणि तेवढंच राहून जातं. सुरुवात २० मीटरवर, कारण थेंबभर पाण्यालाही तेवढं चढायचंच आहे. त्यावर घर्षण. इथला पाइप ९० मिलिमीटरचा, ६०० मीटर लांब. बेंड, फूटव्हॉल्व्ह धरून ५ लिटरला घर्षण ७ मीटर, १० लिटरला २८. पाणी दुप्पट, घर्षण चौपट.

दोन्ही रेषा भेटतात ८ लिटरला, साधारण ३९ मीटरवर. पंप चालतो तो तिथं.

मोजून बघू. दोनशे लिटरचं बॅरल २५ सेकंदांत भरलं, म्हणजे ८ लिटर. डिलिव्हरीवरचा गेज साडेतीन किलो, म्हणजे ३५ मीटर. गेजपासून खाली नदीचं पाणी ४ मीटर. बेरीज ३९. बिंदू पंपाच्या रेषेवरच पडला, म्हणजे पंप ठणठणीत आहे. तो रेषेच्या बराच खाली पडला असता, तर झिजलेला इंपेलर, अडकलेला कचरा किंवा सक्शनमधून शिरणारी हवा शोधावी लागली असती.

वायरमन म्हणतो, पंधरा एचपी घाला. पंपाची रेष १० मीटर वर सरकवून पाहिली: पाणी पावणेदहा लिटर. दीडपट मोटर, जास्तीचं पाणी पावणेदोन लिटर. आता पंप तोच आणि पाइप ११० मिलिमीटरचा धरू. १० लिटरचं घर्षण २८ वरून १० मीटरवर येतं, आणि रेषा भेटतात साडेअकरा लिटरला.

"आणि उन्हाळ्यात?" मालक विचारतात. नदी चार मीटर उतरली, तर पाइपलाइनची रेष अख्खी उचलून चार मीटर वर ठेवायची. जुन्या पाइपात साडेसात लिटर, नव्यात साडेदहा. फक्त पंपही तेवढा खाली न्यायचा. आठ मीटर खालून पाणी ओढायला लावलं, तर तो आतून खडखडू लागेल आणि पत्रकातली रेष त्याला लागू राहणार नाही.