साठ शब्दांत नळाचं पाणी

इंदूरच्या मराठी मंडळींसमोर बातमीच्या भाषेबद्दल बोलायचं म्हणजे निम्मं काम झालेलंच असतं. सरकारी सूचना हिंदीत येते, घरी ती मराठीत समजावून सांगायची असते, आणि हे आपण सगळे लहानपणापासून करत आलोय. आज मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे: दोन पानी सूचनेची साठ शब्दांची बातमी कशी करायची. पण त्याआधी रामबागेतल्या एका मुंजीची गोष्ट सांगतो.

मी तेव्हा एका दैनिकाच्या डेस्कवर नवा होतो. पाणीपुरवठ्याची सूचना आली. जलूदला नर्मदेचं पाणी उचलतात, तिथले पंप दुरुस्तीसाठी बुधवारी सकाळी दहा ते रात्री आठ बंद राहणार होते. मी लिहिलं, 'बुधवारी दहा ते आठ पाणीपुरवठा बंद'. सूचनेशी ताडून पाहिलं, एक आकडा इकडचा तिकडे नव्हता. बुधवारी सकाळी सहाला नेहमीसारखं पाणी आलं. लोकांनी दिवसभरापुरतं भरून ठेवलं आणि रात्री आठनंतर संकट टळलं म्हणून निर्धास्त झोपले.

गुरुवारी शेजारच्या काकूंकडे नातवाची मुंज होती. आचारी पहाटे पाचला आला, पातेली मांडली, सहाला नळ सोडला तर नुसती हवा. दोन-तीन घरांतून कळश्या गोळा करून वरणभाताचं आधण ठेवलं. दुपारी पंगतीत वाढता वाढता काकू मला म्हणाल्या, "अरे, तू बुधवार लिहिलंस, पाणी गेलं गुरुवारी." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून ते जास्तच लागलं.

चूक कुठे झाली? जलूद इथून साधारण सत्तर किलोमीटर. तिथून पाणी वर चढवून आणायचं, शहरातल्या उंच टाक्या भरायच्या, आणि मग सकाळी टाकीतून नळाला सोडायचं. बुधवारी दिवसा पंप बंद म्हणजे टाकी रिकामी, म्हणजे गुरुवारी सकाळी नळ कोरडा. सूचना पंपाची वेळ सांगते, कारण लिहिणाऱ्याचं काम पंपाशी आहे. वाचणाऱ्याचं काम नळाशी आहे. मधला हिशेब बातमी लिहिणाऱ्यानं करायचा असतो, आणि जमत नसेल तर झोनच्या अभियंत्याला फोन करून एवढंच विचारायचं: "साहेब, नळ कोणत्या सकाळी कोरडा?" त्या दिवशी मी तो फोन केला नाही.

वेळ संपत आली अशी खूण होतेय, तेव्हा कामाचं भराभर सांगतो. सूचना शेवटून वाचायला घ्या. जावक क्रमांक, संदर्भ, 'सर्वसाधारण को सूचित किया जाता है' हे सगळं वर असतं. भागांची यादी आणि 'छोड़कर' हा शब्द तळाशी किंवा परिशिष्टात असतो. तो 'छोड़कर' सुटला तर पाणी येणाऱ्या वस्तीलाही तुम्ही कोरडी ठरवता. दुसरं, 'कल' शब्दाला हात लावू नका. हिंदीत तो कालही असतो आणि उद्याही, शिवाय पेपर दुसऱ्या दिवशी वाचतात. वार आणि तारीख दोन्ही लिहा. वाराची चूक तारीख पकडून देते.

आता सरावासाठी मीच रचलेल्या एका सूचनेची बातमी वाचतो. आपल्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, पण हिशेब सोपा जावा म्हणून मुंजीच्या गोष्टीत आणि इथेही रोजचं धरलंय.

'गुरुवारी, 14 तारखेला सकाळी रामबाग, नारायणबाग आणि लोकमान्यनगर भागांत नळाला पाणी येणार नाही. शुक्रवारी सकाळी पाणी येईल, पण कमी दाबाने. नर्मदेच्या मुख्य जलवाहिनीची गळती दुरुस्त करण्यासाठी बुधवारी सकाळी 10 ते रात्री 8 पंप बंद राहणार असल्याने टाक्या भरणार नाहीत. बुधवारी सकाळचे पाणी नेहमीप्रमाणे येईल. तेव्हाच दोन दिवसांचे भरून ठेवावे. टँकरसाठी झोन कार्यालयात नाव नोंदवावे लागेल, असे महापालिकेने मंगळवारी कळवले आहे.'

मोजून साठ शब्द. 'कमी दाबाने' मी ठेवलं, कारण वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला शुक्रवारचं पाणीही कदाचित चढणार नाही. 'दोन दिवसांचे' सूचनेत नव्हतं, तिथे 'पर्याप्त संग्रह' होतं. पर्याप्त म्हणजे किती, ते मोजून लिहिलं. जागा कमी पडली तर टँकरचं वाक्य ठेवा आणि गळतीचं कारण काढा. पहिल्या वाक्याला मात्र हात लावायचा नाही, कारण घाईत असलेला माणूस तेवढंच वाचून बादल्या भरायला उठतो.