निळे राघू

[दृश्य: पैठणीचा पदर, अगदी जवळून. कॅमेरा एका राघूवरून दुसऱ्या राघूवर सरकतो.]

पैठणीच्या पदरावरचा राघू हिरवा असतो. या पदरावरचे राघू मात्र निळे आहेत. फिकट, पावसाळी आभाळासारखे निळे. विणकराने ते असे विणले नव्हते.

[दृश्य: हातमोजे घातलेले दोन हात पदर उलटा करतात.]

ही उलटी बाजू. इथे तोच राघू हिरवागार आहे. पैठणीच्या पदराची खासियत अशी, की नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मागे धाग्यांचा गुंता लोंबत नाही. त्यामुळे पुढचा राघू आणि मागचा राघू धाग्याला धागा लावून ताडून बघता येतो. पुढची चोच लाल, मागचीही लाल. जर दोन्हीकडे सारखीच. बदललाय तो फक्त हिरवा.

ही पैठणी दादरच्या एका घरातली. आजींच्या सासूबाईंची. घडीत कुजून जाऊ नये म्हणून मुलांनी पदर काचेच्या चौकटीत बसवला आणि हॉलमध्ये, पश्चिमेच्या खिडकीसमोर लावला. येणाराजाणारा प्रत्येक जण थांबून बघायचा. कपाटात कोंडण्यापेक्षा डोळ्यांसमोर असावी, ही इच्छा अगदी साधी आणि प्रेमाची होती.

[दृश्य: चौकट उघडतात. कडेची पट्टी निघते. पट्टीखाली हिरवा रंग.]

चौकटीची पट्टी निघाली तेव्हा तिच्याखाली दोन बोटं रुंदीचा हिरवा पट्टा शाबूत होता. पट्टी संपते तिथे हिरवाही संपतो, रेघ मारल्यासारखा. रंग कशाने गेला हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. पाण्याने उतरलेल्या रंगाला ओघळ असतात, डाग असतात. उजेडाने उडालेल्या रंगाला सावलीची कड असते.

आता हा हिरवा मुळात आला कुठून ते पाहू. जुन्या रंगाऱ्यांकडे हिरवा देणारी एकच टिकाऊ वनस्पती नव्हती. रेशीम आधी निळीत बुडवायचं, मग पिवळ्यात, किंवा उलट. दोन रंग एकावर एक बसले की हिरवा. पिवळ्यासाठी एक सोय म्हणजे हळद.

[दृश्य: खोलीतले दिवे बंद. अतिनील टॉर्चचा झोत आधी पुढच्या बाजूवर, मग मागच्या बाजूवर.]

संवर्धकताईंनी अतिनील टॉर्च पेटवली, काही क्षणांपुरतीच. पुढची बाजू मंद राहिली. मागची बाजू पिवळसर चमकली. हळदीतलं कुरकुमिन अतिनील प्रकाशात असं चमकतं. ही खूण आहे, पक्का पुरावा नव्हे. पक्कं सांगायचं तर धाग्याचा अंशभर नमुना प्रयोगशाळेत तपासावा लागतो. पण पुढून पिवळा गेलाय आणि मागे तो शिल्लक आहे, एवढं इथे डोळ्यांना दिसतं.

हळदीचा हा स्वभाव प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला की आई तो धुऊन कडक उन्हात घालते आणि संध्याकाळपर्यंत पिवळं उडून जातं. पदरावर घडलं ते नेमकं हेच, फक्त संथपणे. प्रकाशाची ऊर्जा कुरकुमिनच्या रेणूवर पडते, त्यातले रंग देणारे बंध तुटतात. उरतो तो बिनरंगी पदार्थ. निळीचा रेणू यापेक्षा कितीतरी चिवट. म्हणून हिरव्यातून पिवळा निघून गेला आणि खालची नीळ उघडी पडली.

[दृश्य: दादरचा हॉल. मोकळ्या भिंतीवर चौकटीच्या जागी धरलेला लक्समीटर. आकडा वर-खाली होतो.]

आता उजेड मोजू. पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप म्हणजे लक्स. मीटर चौकटीच्या जागी, भिंतीला समांतर धरायचा, कारण पदरावर जे पडत होतं तेच मोजायचंय. सकाळी आकडा कमी असतो, दुपार कलली की चढतो. सरासरी 400 लक्स आणि दिवसाचे दहा तास धरू. म्हणजे दिवसाला 4,000 लक्स-तास. रंगाच्या दृष्टीने उजेड हा असाच मोजायचा, तीव्रता गुणिले वेळ. जास्त उजेड थोडा वेळ, किंवा थोडा उजेड जास्त वेळ, नुकसान जवळपास तेवढंच. आणि रात्री दिवा मालवल्यावर रंग परत भरून येत नाही. प्रत्येक तास आधीच्या तासांत जमा होत जातो.

हळदीसारख्या अतिशय नाजूक रंगात डोळ्याला जेमतेम जाणवेल इतका पहिला फरक पडायला साधारण 3 लाख लक्स-तास लागतात. तेही अतिनील किरण गाळलेल्या उजेडात. दादरच्या भिंतीवर 3 लाख भरले 75 दिवसांत. खिडकीच्या आणि चौकटीच्या साध्या काचेतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो, तेव्हा प्रत्यक्षात त्याआधीच. दिवाळीला लावलेली चौकट संक्रांत उलटेपर्यंत बदलायला लागली होती आणि कुणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. रोज बघणाऱ्याला रंग उडताना दिसत नाही.

[दृश्य: फोर्ट. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमट, भर दुपारी. बागेतून आत जाणारी माणसं.]

मुंबईत दुपारच्या उन्हात जमिनीवर लाखभर लक्स पडतात. त्या उन्हातून आपण तिकीट काढून आत जातो आणि वस्त्रांच्या किंवा लघुचित्रांच्या दालनात पाऊल टाकल्यावर वाटतं, वीज वाचवतायत की काय. तसं नाही. जगभरची संग्रहालयं कापड, कागद, जलरंग यांच्यासाठी 50 लक्सची मर्यादा पाळतात. तैलचित्रांना साधारण 200 चालतात. दगडाला आणि काशाला या कारणासाठी मर्यादेची गरजच नाही.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियममधल्या जलरंगांवरून पेटलेल्या वादातून झाला. रसेल आणि ॲबनी या दोन वैज्ञानिकांनी 1888 साली अहवाल दिला: जलरंग उजेडाने फिके होतात, आणि हवा व ओलावा काढून घेतला तर बहुतेक रंग कितीतरी जास्त टिकतात. म्हणजे रंग उडायला उजेडाच्या जोडीला प्राणवायू आणि दमट हवाही लागते. मुंबईच्या पावसाळ्याचा विचार केला की हे वाक्य आपल्यासाठीच लिहिल्यासारखं वाटतं.

[दृश्य: संवर्धनाची खोली. निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचं कार्ड, अर्धं चंदेरी कागदाने झाकलेलं.]

हे कार्ड म्हणजे या कामातलं सगळ्यात उपयोगी आणि स्वस्त साधन. निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या. एक नंबरची सगळ्यात लवकर उडते, पुढची प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा दुपटी-तिपटीने जास्त तग धरते. अर्धं कार्ड चंदेरी कागदाने झाकायचं आणि वस्तूशेजारी ठेवून द्यायचं. अधूनमधून कागद उचलून बघायचं. एक नंबरच्या पट्टीत उघड्या-झाकल्या भागांमध्ये फरक दिसू लागला, की समजायचं हळदीसारख्या रंगाला इथे धोका आहे. लक्समीटर त्या क्षणाचा आकडा सांगतो, कार्ड साठलेला हिशेब दाखवतं.

[दृश्य: रिकाम्या पेटीत साधं कापड टांगलेलं. वर दिवा. मीटर कापडावरून वर सरकतो.]

संग्रहालयात वस्तू मांडायची काचेची पेटी लावताना काय चुकतं ते ताईंनी साध्या कापडावर दाखवलं. कापडाच्या मधोमध मीटर 50 दाखवतो. सगळे खूष. मीटर वर नेला, दिव्याच्या जवळच्या कडेला, तर 140. म्हणजे तीच साडी मधोमध एका वेगाने आणि वर जवळपास तिप्पट वेगाने फिकी होणार. दिवा मागे घेतला, झोत पसरवणारी दुधी जाळी लावली, डिमर खाली आणला. पुन्हा मोजलं. कडेला 55, मध्ये 45. या एवढ्याशा कामाला अर्धा तास गेला, आणि ते प्रत्येक पेटीला करावं लागतं.

एलईडी आल्यापासून एक गैरसमज पसरलाय: एलईडीत अतिनील नसतं, मग उजेड वाढवायला हरकत काय? हरकत आहे. अतिनील काढल्याने रेशमाचा धागा वाचतो, रंगालाही थोडी सवलत मिळते. पण हळद उडवायला साधा दिसणारा उजेड पुरेसा आहे. आपल्याला बघायला जो लागतो, तोच.

[दृश्य: कागदावर हिशेब करणारा हात.]

म्हणून 50 लक्ससुद्धा सुरक्षित नाहीत. करा हिशेब. 50 लक्स, दिवसाचे आठ तास: 400 लक्स-तास. वर्षाचे 300 दिवस उघडं ठेवलं तर 1 लाख 20 हजार. हळदीचा हिरवा अडीच वर्षांत बदलायला लागेल. अशा अतिनाजूक वस्तूंना वर्षाला 15 हजार लक्स-तासांपेक्षा जास्त उजेड देऊ नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. दोन वर्षांचे मिळून 30 हजार. 400 ने भागा: 75 दिवस. दादरच्या भिंतीवर जितक्या दिवसांत पहिला घाव बसला, तितकेच दिवस संग्रहालय अशी पैठणी मांडतं आणि मग दोन वर्षांतला उरलेला सगळा काळ ती अंधाऱ्या खणात ठेवतं. हा वेग पाळला तर पहिला जाणवणारा फरक पडायला वीस वर्षं लागतात.

[दृश्य: पदराची घडी, उसवलेलं रेशीम.]

या पदराचं रेशीमही घडीवर चिरलंय. ते शिवून जोडता येत नाही. निळ्या राघूंना पुन्हा हिरवं करता येत नाही.

[दृश्य: मंद दालन. एक वयस्कर जोडपं पेटीपाशी वाकून बघतंय.]

अंधाऱ्या दालनाबद्दलची एक तक्रार मात्र रास्त आहे, आणि ती ज्येष्ठांची. साठीच्या डोळ्यातून पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीच्या डोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच असतो. नातीला 50 लक्समध्ये राघूची चोच दिसते, आजीला दिसत नाही. उन्हातून आल्यावर दालनाच्या तोंडाशी पाच-सात मिनिटं बसायला बाक हवा, माहितीची पाटी ठळक हवी, पेटीमागची भिंत चकाकणारी नको. यातलं बरंच आज केलं जात नाही.

आणि आणखी एक गोष्ट करता येईल. आठवड्यातून एक तास, फक्त ज्येष्ठांसाठी, पेटीतला उजेड 150 लक्स ठेवायचा. त्या तासाला 100 लक्स-तास जादा लागतात. 75 दिवसांचे अकरा आठवडे धरले तर एकूण 1,100. मांडणीच्या तीन दिवसांपेक्षाही कमी. म्हणजे पैठणी 75 ऐवजी 72 दिवस मांडायची, आणि अकरा आठवडे ज्येष्ठांना ती नीट दाखवायची.