पत्ता नीट लिहा, मग गाडी चालवा

(सांगलीत वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'परदेशी नोकरी : पत आणि ड्रायव्हिंग लायसन्स'. देश शंभर आणि प्रत्येकाचे नियम निराळे, त्यामुळे मी फक्त ग्रेट ब्रिटनबद्दल बोलणार. माझा भाचा तिथे लेस्टरला आहे, मुलगा-सून बर्मिंगहॅमला. कुणाची मुलं जर्मनीला निघाली असतील तर त्यांनी चहा घेऊन जावं, भडंगही ठेवलेलं आहे.

मी आयुष्यभर बँकेच्या कर्ज विभागात बसले. सांगलीत कर्ज मागायला माणूस आला की अर्धी चौकशी तो दारातून आत येईपर्यंत झालेली असायची. हळदीच्या पेठेतला असेल तर अडत्याला एक फोन. नोकरदार असेल तर जामीनदार कोण, ते बघायचं. सिबिलचा आकडा आला तो फार नंतर. हे सगळं सांगते अशासाठी, की भाच्याचा फोन आला, "मावशी, मला मोबाईल नाकारला," तेव्हा मला ते खरंच वाटेना. पगार चांगला, कर्ज एक पैशाचं नाही, इथला सिबिल उत्तम. आणि दोन वर्षांच्या हप्त्यावर फोन द्यायला एक कंपनी नाही म्हणते!

आता सिबिल तिथे चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे तीन संस्था नोंदी ठेवतात : एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन. त्यांच्याकडे त्याच्या नावाचं पान कोरं होतं. कोरं पान म्हणजे वाईट पान नव्हे, पण ते यंत्राला कसं कळायचं? त्यावर या बहाद्दरानं त्याच आठवड्यात आणखी दोन कंपन्यांकडे अर्ज केला. असा प्रत्येक अर्ज त्या पानावर नोंदला जातो आणि पुढच्याला दिसतो. लागोपाठ तीन अर्ज दिसले की बघणाऱ्याला वाटतं, गडी अडचणीत आहे. अर्ज करण्याआधी आपल्याला मंजुरी मिळेल का, हे नुसतं तपासून बघता येतं. त्या चौकशीची खूण इतर कंपन्यांना दिसत नाही. बघायचं असेल तर तसं बघावं.

पण मला ज्यावर बोलायचंय ते पुढेच आहे. मी त्याला म्हटलं, "पान कोरं आहे ना, मग मतदार यादीत नाव घाल." तो हसला. "मावशी, मी भारतीय आहे, मला कुठलं मत?" अरे बाबा, आहे! भारत राष्ट्रकुलात आहे. व्हिसा घेऊन तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला ब्रिटनमध्ये नाव नोंदवता येतं आणि पार्लमेंटच्या निवडणुकीत मतही देता येतं. (तिकडचा गोरा इथे येऊन राहिला तर त्याला सांगली मतदारसंघात मत नाही. दीडशे वर्षांचा हिशेब थोडा तरी फिटला म्हणायचा.) आणि पत नोंदवणाऱ्या संस्थांना ती यादी बघायला मिळते. हा माणूस या नावाचा आहे आणि खरोखर या पत्त्यावर राहतो, हे पटवायला त्यांच्या दृष्टीनं याहून सोपा पुरावा नाही. यादीची एक खुली प्रत असते, ती कुणालाही विकत मिळते. तिच्यातून नाव काढून टाकलं तरी चालतं, पूर्ण यादीतली नोंद कायम राहते. अर्ज ऑनलाइन, फुकट. नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतो, तो नोकरीसाठी काढलेला असतोच.

त्यानं नाव घातलं. दोन महिने गेले. पान तसंच कोरं! तेव्हा मी त्याला तिन्ही संस्थांचे अहवाल मागवायला लावले. ते फुकट मिळतात, तो कायद्यानं हक्क आहे. व्हिडिओ कॉलवर दोघं ते वाचत बसलो. तिथे उलगडा झाला.

हा राहतो एका जुन्या घरात, ज्याचे वरखाली चार फ्लॅट केलेत. बँकेत पत्ता दिला होता, 'फ्लॅट 3, 41 अमुक रोड'. मतदार यादीत पडला होता, '41 सी, अमुक रोड', कारण दारावर घरमालकानं 'सी' रंगवलाय. आणि पगाराच्या कागदावर नुसतं '41'. माणसाच्या डोळ्याला घर एकच. यंत्राच्या लेखी तीन घरं, तीन अर्धवट माणसं. भरीस भर नावाची. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव दोन्ही, मग आडनाव. बँकेनं वडिलांचं नाव गाळलं, यादीत ते आलं.

आपल्याला हे पचत नाही, कारण आपला पत्ता म्हणजे गोष्ट असते. 'मारुती मंदिराच्या मागे, पिठाच्या गिरणीवर, बेल वाजत नाही, हाक मारणे.' आणि पोस्टमन बरोबर येतो! गिरणी बंद पडून जमाना झाला असला तरी येतो. (समोरून : "आमच्यात पोस्टमनच हाक मारतो!") बघा. तिथे हाक मारून चालत नाही.

उपाय काय? तिथल्या टपाल खात्याची, रॉयल मेलची, पत्त्यांची एक पक्की यादी आहे. त्यांच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की त्या रस्त्यावरचे सगळे पत्ते खाली उघडतात. त्यात आपलं घर ज्या रूपात दिसेल ते रूप वहीत लिहून घ्यायचं आणि पुढे सगळीकडे तेच द्यायचं. दारावर काय रंगवलंय ते विसरायचं. भाच्यानं बँकेत आणि मतदार यादी ठेवणाऱ्या कौन्सिलमध्ये पत्ता त्या रूपात करून घेतला, नाव पासपोर्टप्रमाणे. अहवालात चूक उरली तर त्या संस्थेला लेखी कळवायचं, त्यांनी 28 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बँका नोंदी महिन्याच्या महिन्याला पाठवतात, म्हणून पुढच्या दोनेक महिन्यांत तुकडे जुळले आणि पान भरू लागलं.

भरायचं कशानं? प्रीपेड सिमनं नाही, त्याची नोंदच होत नाही. महिन्याच्या करारावरचं सिम घ्यायचं. आणि नवख्यांसाठीचं एक क्रेडिट कार्ड. त्याला मर्यादा मिळाली 250 पौंडांची, व्याजदर बघून माझ्यातली बँकवाली उठून उभी राहिली. पण व्याज भरायचंच नाही ना! किराणा पन्नास-साठ पौंडांचा त्यावर घ्यायचा आणि पूर्ण रक्कम डायरेक्ट डेबिटनं आपोआप जाईल असं लावून ठेवायचं. 'किमान रक्कम' हा पर्याय निवडला की गेलात. आणि त्या कार्डानं एटीएममधून रोख काढायची नाही. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि नोंदीतही ते चांगलं दिसत नाही. हप्ता थकून खातं बुडीत धरलं गेलं तर तो डाग सहा वर्षं राहतो.

(संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. अहो, लायसन्स राहिलं की!)

तर लायसन्स. पहिली गोष्ट, भारताचं लायसन्स तिथे बदलून मिळत नाही. ज्या देशांची बदलून देतात त्या यादीत भारत नाही. तिथे राहायला लागल्यापासून 12 महिने आपल्या लायसन्सवर गाडी चालवता येते, तेही ते मुदतीत असेल तर. म्हणून जाण्याआधी आरटीओत जाऊन मुदत बघा. 12 महिन्यांनंतर तुम्ही पुन्हा शिकाऊ : गाडीला 'एल' पाटी आणि शेजारी तिथलं लायसन्स किमान तीन वर्षं असलेला, 21 वर्षांवरचा माणूस.

म्हणजे त्या 12 महिन्यांतच परीक्षा पास व्हायची. पोरं दहाव्या महिन्यात जागी होतात. आधी प्रोव्हिजनल लायसन्स, ऑनलाइन 34 पौंड. त्यात मागच्या तीन वर्षांचे पत्ते मागतात, तिथे आपली गिरणी कामाला येते. मग लेखी परीक्षा, 23 पौंड : 50 प्रश्नांत 43 बरोबर हवेत, शिवाय रस्त्यावरचा धोका ओळखायच्या चित्रफिती, त्यात 75 पैकी 44 गुण. मग रस्त्यावरची परीक्षा, कामाच्या दिवशी 62 पौंड. अनेक केंद्रांवर तिची तारीख पाच-सहा महिन्यांनंतरची मिळते. आता महिने मोजा. लेखी पास झाल्याशिवाय ही तारीख घेता येत नाही, म्हणून प्रोव्हिजनलचा अर्ज पहिल्या महिन्यातच गेला पाहिजे.

माझी सून इथे आयर्विन पुलावरून रोज गाडी काढायची, गणपतीच्या गर्दीतसुद्धा. तिथे पहिल्यांदा नापास. किरकोळ चुका 15 पर्यंत चालतात, गंभीर एकही चालत नाही. तिची गंभीर चूक काय? लेन बदलताना आरशात बघितलं, पण मान वळवून खांद्यावरून बघितलं नाही. बाजूची गाडी आरशात येत नाही तो कोपरा तपासलाच नाही, असं परीक्षकानं लिहिलं. गोल चौकात रिकामा रस्ता असून थांबून राहणं हीसुद्धा चूकच. इथे आपण थांबत नाही म्हणून दंड, तिथे थांबलो म्हणून. दोन-चार तास तिथल्या शिक्षकाबरोबर चालवावं, शिकण्यासाठी नाही, सवयी मोडण्यासाठी.

आता दोन विषय एकत्र का, ते एका वाक्यात. गाडीचा विमा वर्षाचा एकदम भरला तर ठीक, महिन्याच्या हप्त्यानं मागितला तर ते बहुतेक वेळा कर्जच असतं, वर व्याज, आणि त्यासाठी ते तेच पान उघडतात. पान कोरं असेल तर हप्ता नाकारू शकतात. भारतीय लायसन्सवर विमा आधीच महाग. भाच्याला मागितलेली रक्कम बाराशे पौंडांच्या आसपास होती, ती एकरकमी पहिल्या पगारात कोण काढणार? म्हणून आधी पान, मग गाडी. आणि घर बदललं की लायसन्सवरचा पत्ताही बदलायचा. तो फुकट बदलून मिळतो, नाही बदलला तर दंड 1000 पौंडांपर्यंत.

(प्रश्न : "मुलगा आधी दुबईला होता, मग?") तिथे परीक्षा देऊन लायसन्स काढलंय ना? मग त्याचं नशीब! यूएईचं नाव त्या यादीत आहे. ब्रिटनमध्ये राहायला लागल्यापासून पाच वर्षांत 43 पौंडांत बदलून मिळेल, परीक्षा नाही. फक्त त्यानं तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली असेल तर इथे... म्हणजे तिथे, लायसन्सही ऑटोमॅटिकचंच मिळेल. ते कार्ड बघून मला नंतर सांगा, मी चहाच्या टेबलापाशी आहे.