मीटर ११५ दाखवतंय, पण दिव्याला मिळतायत १६३

डिमर बरोबर ९० अंशावर ठेवा आणि साधं स्वस्तातलं मल्टीमीटर दिव्याच्या टोकांना लावा, ते ११५ व्होल्टच्या आसपास दाखवेल. सप्लाय २३० चा, लाट अर्धी कापली, म्हणजे ११५ बरोबरच की, असं सगळ्यांना वाटतं. पण तो आकडा चुकीचा आहे, दिव्याला खरे १६३ व्होल्ट मिळतायत, आणि हा फरक कुठून येतो तेच आज बघू.

डिमरच्या आत लाट कापणारा इलेक्ट्रॉनिक स्विच म्हणजे ट्रायॅक, आणि तो कसा वागतो तर गेट या त्याच्या कंट्रोलच्या टोकाला पल्स मिळेपर्यंत बंद, पल्स मिळाली की चालू, आणि मग गेट सोडून दिलं तरी चालूच राहतो, करंट शून्याजवळ आला की आपोआप बंद होतो. म्हणजे प्रत्येक अर्ध्या सायकलला नवीन पल्स लागते. ५० हर्ट्झला अर्धी सायकल १० मिलिसेकंदांची, तेच १८० अंश. झिरो क्रॉसिंगनंतर ५ मिलिसेकंद थांबून पल्स दिली की फायरिंग अँगल झाला ९० अंश.

आता ९० ला लाट बरोबर शिखरावर कापली जाते. गेलेला भाग आणि उरलेला भाग एकमेकांचं आरशातलं रूप आहेत, त्यामुळे रेझिस्टन्स तोच धरला तर उष्णताही बरोबर अर्धी. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर चालते ना, मग पॉवर अर्धी झाली तर आरएमएस, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसी व्होल्टेजचा आकडा, अर्धा होत नाही, तो ०.७०७ पट होतो, २३० गुणिले ०.७०७ म्हणजे १६३. साधं मीटर वर्ग करतच नाही, ते रेक्टिफाय करून सरासरी काढतं आणि साइन वेव्ह गृहीत धरून १.११ ने गुणतं. सरासरी खरंच अर्धी झालेली असते, म्हणून ११५. इथे ट्रू आरएमएस मीटरच लागतं.

बाकीच्या अँगलसाठी हे सूत्र, α म्हणजे फायरिंग अँगल रेडियनमध्ये, Vs म्हणजे सप्लायचे व्होल्ट:

```
Vrms = Vs × √( (π − α + sin(2α)/2) / π )
```

४५ अंशाला घालून बघा, २१९ व्होल्ट येतात! पाव लाट कापली तरी फक्त ११ व्होल्ट कमी, कारण शून्याजवळ व्होल्टेज मुळातच कमी आणि वर्ग केल्यावर तर नगण्य. १३५ ला मात्र एकदम ६९. म्हणून अँगल समान टप्प्यांनी वाढवत नेला तर सुरुवातीला दिव्यात फारसा फरक दिसत नाही आणि मधल्या भागात तो भराभर मंद होतो. मायक्रोकंट्रोलरने करत असाल तर समान डिलेऐवजी या सूत्रावरून टेबल बनवा, माझं तरी ठाम मत आहे.

फिलामेंटच्या दिव्यात अजून एक भर पडते, त्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ घातात बदलतो, त्यामुळे १६३ व्होल्टला प्रकाश जेमतेम ३० टक्के उरतो. एलईडी दिव्याला हे गणित लावू नका, आत ड्रायव्हर असतो आणि करंट इतका कमी की होल्डिंग करंटच्या, म्हणजे ट्रायॅक चालू राहायला लागणाऱ्या किमान करंटच्या, खाली जाऊन ट्रायॅक मध्येच सुटतो, दिवा फडफडायला लागला की समजायचं हेच होत असणार.